लग्नाचा घागरा कपाटात काळा पडतो, घेर लोंबतो : दोष नेमका कुठे आहे ते शोधायची पद्धत

डोंबिवलीत माझं आल्टरेशनचं दुकान आहे. दसरा झाला की तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्याकडे रोज एखादा तरी लग्नातला घागरा येतो. बहिणीच्या किंवा दिराच्या लग्नात पुन्हा घालायचा म्हणून कपाटातून काढलेला असतो आणि तक्रार ठरलेली असते. "काकू, ठेवला तेव्हा नवाकोरा होता हो, एकदाच घातलाय." दोन-तीन पावसाळे कपाटात काढले की घातलेल्यापेक्षा न घातलेला घागरा जास्त खराब होतो. दुरुस्तीचे पैसे मला मिळतात, पण अर्ध्याहून जास्त वेळा ती दुरुस्ती टळली असती. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रमच इथे लिहिते आहे.

आधी लक्षणं बघा

घागरा पलंगावर स्वच्छ चादर टाकून पसरा आणि दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बघा. ट्यूबलाइटखाली काळेपणा नीट कळत नाही.

जरीचं काम सगळीकडे सारखंच मळकट, तपकिरी किंवा निळसर काळं झालं असेल तर कारण हवेत आहे. कपाटातली कुठलीतरी वस्तू किंवा दमटपणा.

काळेपणा फक्त पट्ट्यांत असेल, म्हणजे घडीच्या रेषांवर किंवा एका बाजूच्या बुट्ट्यांवरच, तर काहीतरी थेट चिकटून राहिलं होतं. वर्तमानपत्र, रबरबँड, रंगीत टिश्यू, दुकानाचं कव्हर.

कमरेचा पट्टा, ब्लाउजची काखेखालची बाजू आणि गळा एवढंच काळं किंवा हिरवट असेल तर तो घाम आणि अत्तर. यात कपाटाचा दोष नाही, ठेवण्याआधीच्या दिवसांचा आहे.

टिकल्या एकमेकींना चिकटल्या असतील, वाकल्या असतील किंवा त्यांचा रंग शेजारच्या कापडाला लागला असेल तर डांबरगोळ्या, उष्णता नाहीतर चुकीचं ड्रायक्लीनिंग.

खालची किनार एका ठिकाणी जमिनीला टेकते आणि दुसरीकडे वर राहते, नेट मोठ्या बुट्ट्यांच्या वर ताणून जाळी मोठी झाली आहे, किंवा ब्लाउजचे खांदे लांबले आहेत, तर तो हँगरचा प्रताप.

काळं पडणं आणि लोंबणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच घागऱ्याला दोन्ही होतात म्हणून लोक एकच कारण शोधत बसतात.

पहिली तपासणी, फुकटची : हँगरवरून उतरवा आणि मोजा

लग्नाच्या घागऱ्याचं वजन पाच-सहा किलो सहज असतं. तो दोन लूपांवर टांगला की सगळं वजन पट्ट्यापासून खाली नेटवर येतं. कळ्या म्हणजे घेराचे उभे तुकडे, ते तिरके कापलेले असतात आणि तिरकं कापड वजनाने लांबतंच, त्याला इलाज नाही. त्यातही जिथे कटदाणा, म्हणजे काचेच्या बारीक नळ्या, आणि मणी दाट आहेत ती कळी जास्त उतरते, हलक्या कामाची कमी. म्हणून किनार एकसारखी न लांबता लाटेसारखी होते.

घागरा सपाट पसरा. पट्ट्यापासून किनारीपर्यंत प्रत्येक कळीच्या शिवणीवर टेप लावून माप घ्या आणि कागदावर लिहा. अर्ध्या इंचाचा फरक नव्या घागऱ्यातही असतो, त्याचं काही नाही. एक इंचाच्या वर गेला तर घेर उतरलाय. मग दोन दिवस तो तसाच सपाट राहू द्या आणि पुन्हा मोजा. नेट थोडं मागे येतं. दोन दिवसांनी जे उरलं ते कायमचं.

एका मुलीचा गडद लाल घागरा माझ्याकडे २०२३च्या नोव्हेंबरात आला होता. लग्न २०२१च्या डिसेंबरातलं, मधे दोन पावसाळे, राहायला कल्याणला. शिवताना उंची ४१ इंच होती, पावतीवर लिहिलेली. आता दाट कामाच्या कळ्या साडेबेचाळीस भरल्या आणि हलक्या कामाच्या साडेएक्केचाळीस. दोन दिवस सपाट ठेवल्यावर ४२ आणि सव्वाएक्केचाळीस. म्हणजे पाऊण इंचाचा फरक राहिला, तो शिवणकामानेच काढायचा होता.

हा फरक खालून कधीही काढायचा नाही. खाली किनारीचं काम असतं, ते कापलं की घागरा गेला. पट्टा उसवायचा, ज्या कळ्या उतरल्या आहेत तेवढ्याच वरून आत घ्यायच्या आणि पट्टा परत बसवायचा. शेजारच्या टेलरने "खालून दुमडून देतो" म्हटलं तर घागरा उचलून घरी या.

ओढणी हँगरवर घडी घालून टांगलेली असेल तर तीही उतरवा. नेटच्या ओढणीला घडीच्या जागी जो बाक येतो तो इस्त्रीने जात नाही, कारण टिकल्यांवर इस्त्री फिरवता येत नाही.

दुसरी, हीसुद्धा फुकटची : कपाटात घागऱ्याशेजारी काय आहे?

हल्लीच्या बहुतेक जरीकामात सोनं नसतं. तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ मुलामा आणि वर सोनेरी लाखेचा थर. दबका, सलमा, नक्शी अशा भरतकामाच्या गुंडाळलेल्या तारा, सगळं याच जातीचं. त्याहून स्वस्त कामात प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीची जर असते, ती काळी पडत नाही, पण तिचा चकाकता थर सुटतो. आजीच्या काळातली खरी जर म्हणजे चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. चांदी असो वा तांबं, दोघांचा वैरी गंधक. देवघरातली चांदीची वाटी काळी पडते तीच क्रिया घागऱ्यावर होते, फक्त वाटी घासता येते आणि घागरा नाही.

म्हणून कपाट रिकामं करून बघा. रबराच्या वस्तू आधी बाहेर काढा, कारण रबर पक्कं करायला गंधकच वापरतात आणि ते वर्षानुवर्षं थोडं थोडं बाहेर पडत राहतं. लग्नातल्या चपला, शेकायची रबरी पिशवी, रबरबँड, रबरी पातळ चटई. लोकरीचे स्वेटर आणि शालीही त्याच कप्प्यात नकोत, लोकरीतही गंधक असतं. वर्तमानपत्र कधीच नको. त्याचा कागद आम्लधर्मी असतो, पिवळा पडतो आणि शाई लागते ती वेगळीच.

मग डांबरगोळ्या. आपल्याकडे कपाट म्हटलं की डांबरगोळी आलीच, पण टिकल्या-मण्यांच्या कपड्यात ती नको. तिची वाफ बंद जागेत काही जातींच्या प्लास्टिकला मऊ करते, टिकल्यांवर चिकट थर बसतो आणि त्या एकमेकींना धरतात. कापराचंही तसंच समजा. कडुनिंबाची ओली पानं, लवंगा, वासाच्या पुड्या यांचे डाग पडतात. पॉलिस्टर नेटचा घागरा कसर खात नाही, ती कापडावर सांडलेलं जेवण आणि खळ खाते. कापड रेशमी असेल तर काळजी खरी, पण त्यालाही उपाय म्हणजे कपडा स्वच्छ करून बंद पेटीत ठेवणं. गोळी नाही.

दुकानातून येणारं पारदर्शक झिपचं कव्हरसुद्धा फेकून द्या. नव्या शॉवर पडद्यासारखा वास येतो ना, ते पीव्हीसी. जुनं होताना त्यातून आम्ल सुटतं आणि आतला दमटपणा बाहेर जात नाही. घागरा घरी आणण्यापुरतंच ते कव्हर.

ब्लाउजमध्ये शिवलेले फोमचे कप असतील तर तेही उसवून काढा. दोन-चार वर्षांत फोम पिवळा पडतो, त्याचा भुगा होतो आणि अस्तराला चिकटतो. पुढच्या वेळी नवे कप लावायला शंभर-दोनशे रुपये लागतात.

तिसरी : लक्ष्मीच्या नाण्याची परीक्षा

ही माझी आवडती परीक्षा, कारण ती खोटं बोलत नाही. धनत्रयोदशीची चांदीची दोन नाणी घ्या. दोन्ही दंतमंजनाने घासून पाण्याने धुवा, कोरडी करा आणि त्यांना नुसत्या बोटांनी हात लावू नका. एक नाणं घागऱ्याच्या कप्प्यात बशीवर ठेवा, दुसरं हॉलमधल्या शोकेसमध्ये. स्वयंपाकघरात नको, तिथल्या कांद्या-लसणाने आणि अंड्यांनी नाणं तसंही काळवंडतं. तीन-चार आठवड्यांनी दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघा. हॉलमधलं पांढरं आणि कपाटातलं कडेने पिवळट तपकिरी झालं असेल तर गंधक कपाटातच आहे. दोन्ही सारखीच बदलली तर घरातली हवाच तशी. मोठ्या नाल्याजवळ किंवा कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे दिसतं. त्यांना पेटी घट्ट बंद होणारीच लागेल, नुसतं मलमलचं कापड पुरणार नाही.

त्या कल्याणच्या मुलीला मी हेच करायला लावलं. तीन आठवड्यांनी तिने फोटो पाठवला. हॉलचं नाणं लख्ख, कपाटातल्या नाण्याच्या कडेला चहाच्या डागासारखा पट्टा. "पण काकू, कपाटात तर फक्त कपडेच आहेत." मी म्हटलं, खालचा खण उघड आणि मला व्हिडिओवर दाखव. सासूबाईंची शेकायची रबरी पिशवी, तिच्या मागे लग्नातल्या सँडल, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. ते सगळं काढून पुन्हा नाणं ठेवलं, या वेळी चार आठवडे. नाणं जसं ठेवलं तसंच निघालं.

चौथी : कपाटामागची भिंत

गंधक असलं तरी त्याला ओल मिळाली की काम भराभर होतं. घागऱ्याची हानी बहुतेक जून ते सप्टेंबर याच काळात होते ती म्हणूनच. कपाट बाथरूमच्या भिंतीला किंवा पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर आधी भिंत तपासा.

कपाट हातभर पुढे ओढा. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल, साधारण एक फूट लांब-रुंद, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा. चोवीस तासांनी काढा. फॉइलची भिंतीकडची बाजू ओली असेल तर ओल भिंतीतून येते आहे, प्लंबर नाहीतर वॉटरप्रूफिंगवाला लागेल. बाहेरची बाजू ओली असेल तर खोलीतली हवाच दमट आहे, भिंत बिचारी निर्दोष. दोन्ही कोरड्या असतील तर पुढे चला. हे पावसाळ्यातच करा, जानेवारीत भिंत सगळ्यांचीच कोरडी असते.

कल्याणच्या घरी मागची बाजू ओली निघाली होती. म्हणजे एका घागऱ्याला दोन कारणं होती, रबर आणि भिंत. एक कारण सापडलं म्हणून थांबले असते तर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा माझ्याच दारात उभी राहिली असती.

खोलीतली हवा दमट असेल तर आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या. चारशे-पाचशे रुपयांच्या आत मिळतं. कपाटात ठेवून सकाळ-संध्याकाळ बघा. ४५ ते ५५ टक्के उत्तम. ६५च्या वर सतत राहिलं तर बुरशीला आमंत्रण. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उघड्या कपाटाचा आकडा ८०च्या पुढे जातो, घाबरू नका, तो आकडा बंद पेटीच्या आत किती आहे ते महत्त्वाचं.

पाचवी, पैसे लागणारी : घाम गेलाय का?

हे बहुतेकांना माहीत नसतं. ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतं, द्रावक असतो. तो तेल, मेकअप, तूप काढतो. घामातलं मीठ आणि सांडलेल्या सरबतातली साखर पाण्यात विरघळते, द्रावकात नाही. म्हणून ड्रायक्लीन करून आणलेला घागरा स्वच्छ दिसतो आणि सहा महिन्यांनी कमरेवर तपकिरी कडा उमटते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि तिथलं तांबं हिरवट पडतं.

म्हणून ड्रायक्लीनरला देताना घागरा नुसता काउंटरवर टाकू नका. डाग कुठे आहे आणि कशाचा आहे ते बोटाने दाखवून सांगा, त्याला तेवढ्या जागी अस्तरावर पाण्याचं काम करता येतं. टिकल्या कशाच्या आहेत ते त्याला विचारू द्या आणि आतल्या शिवणीत लपलेली एक टिकली काढून त्याच्या द्रावकात बुडवून बघायला सांगा. काही टिकल्यांचा रंग त्यात उतरतो, काही कडक होऊन वाकतात. असं करायला जो नाही म्हणेल त्याच्याकडे लग्नाचा घागरा देऊ नका. वाफेची इस्त्रीही नको, टिकली वाकली की सरळ होत नाही.

हे लग्नानंतर दोन-तीन आठवड्यांत झालं पाहिजे. हनिमूनहून आल्यावर करू, मग दिवाळीत करू असं म्हणता म्हणता पावसाळा उगवतो. अत्तर आणि हेअर स्प्रे मारायचाच असेल तर पुढच्या वेळी घागरा चढवण्याआधी मारा.

हे घरी करू नका

काळ्या जरीवर चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा आणि फॉइलचं पाणी, चांदी उजळायचं औषध. सगळ्यांची उदाहरणं माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत. वर सांगितलेला लाखेचा थर हे सगळे आधी काढतात, मग चांदीचा मुलामा, मग उघडं तांबं राहतं. पहिल्या दिवशी चकचकीत दिसतं. पंधरा दिवसांत आधीपेक्षा काळं. शिवाय ओल आत अडकून मण्यांच्या मागचा दोरा कुजतो.

आपली जर कुठली ते बघायचं असेल तर आतल्या शिवणीजवळचं सुटलेलं टोक सुईच्या टोकाने हलकं खरवडा. लालसर दिसलं तर तांबं, पांढरं चमकलं तर चांदी, सालपटासारखं उचकटलं तर प्लास्टिक. भरतकामाच्या मधोमध खरवडू नका हे सांगायची गरज नसावी, पण एकीने केलं होतं.

घरी एवढंच करता येतं : मऊ रंगाचा ब्रश, नवा, दोन बोटं रुंद, त्याने कामाच्या दिशेने हलकेच धूळ झाडा. टिकल्यांवर उलटा ब्रश फिरवू नका, त्या उचलल्या जातात.

सुटलेली ओळ दिसली तर

आरी म्हणजे आकड्याची सुई, तिचं भरतकाम साखळीच्या टाक्याचं असतं. स्वेटरचा धागा ओढला की ओळच्या ओळ उसवते, तसंच हे. एक मणी लोंबताना दिसला की हात आपोआप ओढायला जातो. ओढू नका. मी एकीसमोर टेबलावर बोटभर धागा ओढून दाखवला होता, कटदाणे टपटप टेबलावर पडत गेले आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. (तो नमुन्याचा तुकडा होता.)

सुटलेलं टोक शोधा. त्याच रंगाचा दोरा ओवलेली बारीक सुई त्या शेवटच्या फासातून काढून उलट बाजूला न्या आणि तिथे दोन बारीक टाके घेऊन गाठ मारा. चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद नेटवरून निघत नाही. नेलपॉलिशही नको, तिचा डाग पिवळा पडतो. पडलेले मणी एका छोट्या पिशवीत भरून, त्यावर कुठून पडले ते लिहून घागऱ्याबरोबर ठेवा. पुढे कारीगराला तोच मणी मिळणं अवघड असतं.

काचेच्या कटदाण्याची कड धारदार असते, ती स्वतःचाच दोरा कापते. म्हणून टांगलेल्या घागऱ्यात हे जास्त होतं, वजनाने मणी दोऱ्यावर घासत राहतो.

आता ठेवायचं कसं

पेटी आडवी, झाकण घट्ट बसणारी. फूड ग्रेड प्लास्टिकची किंवा रंग न उडालेली लोखंडी ट्रंक. पलंगाच्या आतला बॉक्स वापरायचा असेल तरी घागरा आधी पेटीत, मग पेटी पलंगात, कारण प्लायवुडमधून आम्लाची वाफ येते, विशेषतः नव्या पलंगात. पेटीची लांबी एवढी हवी की उंचीत एकच घडी पडेल.

पांढरी मलमल चार-पाच मीटर. ती वापरण्याआधी दोनदा नुसत्या पाण्यात आणि थोड्या साबणात धुऊन खळ काढा. खळ म्हणजे कसरीचं जेवण. घरात आजोबांचं जुनं मऊ धोतर असेल तर त्यासारखं काहीच नाही, पैठण्या त्यातच गुंडाळून राहिल्या आहेत. रंगीत कापड मात्र नको, ओलीत रंग सोडतं.

पलंगावर जाड चादर, तिच्यावर मलमल, तिच्यावर घागरा. पुढचा आणि मागचा घेर एकमेकांवर घासू नये म्हणून आतून मलमलचा एक थर सरकवा. घडी कळीच्या शिवणीवर पडेल अशी घ्या, मोठी बुट्टी घडीवर येऊ देऊ नका. प्रत्येक घडीच्या आत मनगटाएवढी जाड मलमलची गुंडाळी ठेवा, म्हणजे घडी टोकदार न होता गोल राहते. दबका एकदा मोडला की परत गोल होत नाही. आडवी घडी शेवटची, तिच्यातही गुंडाळी. वरून मलमलने झाका आणि चादरीची झोळी करून दोघांनी उचलून पेटीत उतरवा. पट्टा धरून उचललात तर इतका वेळ केलेलं सगळं वाया.

ब्लाउजच्या बाह्यांत आणि छातीत मलमल भरा आणि तो घागऱ्याच्या वर, स्वतंत्र थरात. ओढणीचं काम हलकं असेल तर कापड गुंडाळलेल्या नळीवर, भरतकाम बाहेरच्या बाजूने येईल असं गुंडाळा. दाट मण्यांची ओढणी गुंडाळू नका, सपाट ठेवा. वर दुसरी काहीही वस्तू नको, बाकीच्या साड्यासुद्धा नकोत.

शंभर लिटरच्या पेटीत मी अर्धा किलो सिलिका जेल टाकते. रंग बदलणारी घ्या आणि सुती पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवा, भरतकामाला टेकू देऊ नका. नारिंगी असेल तर हिरवी झाली की, निळी असेल तर गुलाबी झाली की ती भरली. ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर दोन-तीन तास कोरडी करून पुन्हा वापरता येते. त्या ओव्हनमध्ये त्या वेळी खाण्याचं काही नको. सिलिका टाकून पेटी उघडी ठेवली तर ती खोलीभरची हवा सुकवायला निघते आणि आठवड्यात दमते.

पेटी वर्षातून दोनदा उघडा. एकदा दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी, एकदा जानेवारी-फेब्रुवारीत. सावलीत दोन तास, उन्हात नाही. मग घडी आधीच्या रेषेपासून चार बोटं सरकवून घाला. पावसाळ्यात कितीही मन झालं तरी उघडू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

जरीवर हिरवी पूड दिसली तर तांबं आतपर्यंत खाल्लं गेलं आहे. ती झाडू नका, कारीगराकडे न्या, तेवढा भाग बदलावा लागतो. काळे ठिपके आणि कुबट वास असेल तर बुरशी, पेटी बंद करून बाकीच्या कपड्यांपासून दूर ठेवा आणि ड्रायक्लीनरला आधी फोन करून सांगून मगच न्या. सुटलेली ओळ बोटापेक्षा लांब असेल, नेट फाटलं असेल किंवा पट्टा उसवायचा असेल तर आरीकाम करणाऱ्या कारीगराचं काम, नुसत्या टेलरचं नाही. रेशीम घडीवर चिरलेलं दिसलं तर त्याला सुईही लावू नका, टाक्याच्या भोकातून ते पुढे फाटतं.

घागरा आजी-पणजीचा, खऱ्या चांदीच्या जरीचा असेल तर माझ्यासारख्या दुकानाकडेही नको. वस्त्रसंवर्धन करणारी माणसं असतात, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करा. त्या कामाला वेळ आणि पैसा लागतो, पण चांदीच्या जरीवर एकदा औषध फिरलं की मुलामा परत येत नाही.

कल्याणच्या घागऱ्याचं पुढे असं झालं. पट्टा उसवून उतरलेल्या कळ्या वरून पाऊण इंच घेतल्या. पट्ट्यावरचा दबका घामाने गेला होता, तो कारीगराने दोन दिवसांत नवा भरला. बाकीच्या घेरावरचा काळेपणा तसाच राहिला, तो निघत नाही असं मी आधीच सांगितलं होतं. तिच्या आईला ते पटलं नाही, दुसरीकडे उजळून आणू म्हणत होत्या. मुलीने मात्र ऐकलं. नणंदेच्या लग्नात तिने तोच घागरा नव्या ओढणीबरोबर घातला, जुन्या चांदीसारखा दिसत होता. आता तो हॉलजवळच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या बाजूला, पेटीत आडवा झोपलेला आहे आणि त्याच्याजवळ बशीत एक नाणं ठेवलेलं आहे.